टर्म विमा इतका स्वस्त का?

एक कोटीचा टर्म विमा वर्षाला दहा-बारा हजारांत मिळतो, मग तेवढ्याच रकमेच्या एंडोमेंट पॉलिसीला लाखांत हप्ता का?

कारण टर्ममध्ये मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे मिळतात, म्हणून कंपनीला ते मोजक्याच लोकांना द्यावे लागतात; एंडोमेंटमध्ये मुदत संपताना हयात असणाऱ्यांनाही, म्हणजे प्रत्येकाला. समजा, तिशीतल्या १०,००० जणांनी एकेक कोटीचं संरक्षण घेतलं. या वयात वर्षाला हजारी साधारण एक मृत्यू धरला, तर दहा दावे येतील, म्हणजे दहा कोटी. ते सगळ्यांत वाटले की माणशी १०,००० रुपये. कोण जाणार हे कुणालाच सांगता येत नाही, पण गट मोठा असला की किती जाणार याचा अंदाज फारसा चुकत नाही. वयाबरोबर मृत्युदर वाढतो, म्हणून हप्ता स्थिर ठेवताना सुरुवातीला थोडं जास्त घेऊन ते पुढच्या वर्षांसाठी राखून ठेवतात.

वीस वर्षांच्या एंडोमेंटमध्ये जे हयात राहतात त्यांनाही एक कोटी द्यायचे असतात, आणि हयात तर बहुतेक सगळेच राहतात. तो पैसा इतरांच्या हप्त्यांतून येऊ शकत नाही, ज्याचा त्यानेच साठवायचा. सहा टक्के परताव्याने वीस वर्षांत एक कोटी जमायला दरवर्षी सुमारे अडीच लाख लागतात. वर कमिशन आणि खर्च, ते वेगळेच. थोडक्यात, हप्त्यातला विम्याचा वाटा किरकोळ, बाकी सगळी बचत.

मात्र दहा हजारांचा हा हिशेब निरोगी, धूम्रपान न करणाऱ्यांचा आहे. तंबाखू किंवा मधुमेह असेल तर हप्ता वाढतो. तो वाचवायला अर्जात माहिती लपवली, तर पहिल्या तीन वर्षांत विमा कायद्याच्या कलम ४५ खाली दावा नाकारला जाऊ शकतो.