स्किल मॅट्रिक्सप्रमाणे कामं वाटली तर नवीन पोरं शिकणार कधी?

प्रश्न: अंबडला आमचं छोटं सीएनसी वर्कशॉप आहे. मॅट्रिक्स बघून कामं वाटली की अवघड सेटिंग कायम जुन्या दोघांकडेच जातं. काय करू?

उत्तर: आकडे असे ठेवा: १ शिकतोय, २ कुणी बघत असेल तर करतो, ३ एकट्याने करतो, ४ शिकवतो. घाईच्या ऑर्डरवर ३ च्या खालचा नको. पण डिस्पॅचला चार दिवस आहेत अशा बॅचचं सेटिंग २ वाल्याला द्या आणि शेजारच्या मशीनवर ४ वाला ठेवा. त्या दिवशी त्याचं टार्गेट कमी करा, नाहीतर तो बघणारच नाही.

आम्ही सातपूरला ४० बुशांची बॅच एका पोराला अशीच दिली. अट एकच: पहिला नग तपासून सही झाल्याशिवाय दुसरा लावायचा नाही. बोअर गेज लावला तर बोअर ०.०४ मिमीने मोठा. ऑफसेटचं चिन्ह उलटं पडलं होतं. जुन्याने मशीनला हात लावला नाही, फक्त विचारलं, "कुठल्या बाजूला सरकवलंस?" चूक त्यानेच शोधली. एक नग गेला, ३९ बरोबर निघाले.

अशी तीन सेटिंग मदतीशिवाय जमली की मगच २ चा ३ करा. वर्ष झालं म्हणून आकडा वाढवू नका.