दूरचा −३.५०, ‘ॲड’ +२.००, मग वाचायचा चष्मा किती नंबरचा?

प्रश्न: वय ५३. कागदावर दूरचा नंबर उजवा −३.५०, डावा −३.००, आणि खाली ‘ॲड +२.००’ दोन्ही डोळ्यांना. मला फक्त वाचायला वेगळा चष्मा हवाय. दुकानदार म्हणतो +२.०० चा बनवतो. बारावीतला मुलगा म्हणतो −१.५० आणि −१.०० हवा. वाचायचा चष्मा मायनस कसा असेल? कुणाचं ऐकू?

उत्तर:

ताई, मुलाचं ऐका, आणि दुकानात ॲडव्हान्स दिला नसेल तर अजून देऊ नका. मी डोळ्यांचा डॉक्टर नाही, कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये नोकरी केलेला माणूस आहे. तेव्हा नंबर तपासण्याबद्दल मी काही बोलणार नाही. पण कागदावरच्या नंबरांची बेरीज कशी करायची, यावर मी दुकानदाराशीही भांडेन. भांडलोही आहे.

एकमेकांना चिकटवून ठेवलेल्या पातळ भिंगांची शक्ती चिन्हासकट मिळवायची असते:

P = P1 + P2

बहिर्गोल प्लस, अंतर्गोल मायनस. तुमच्या उजव्या डोळ्यासाठी −३.५० आणि +२.००, म्हणजे −१.५०. डाव्यासाठी −१.००. ‘ॲड’ लिहिलंय ते याच अर्थाने: दूरच्या नंबरात एवढे मिळवा. तो स्वतंत्र नंबर नाहीच.

डॉक्टरांकडे काय झालं ते आठवून पाहा. नाकावर जड ट्रायल फ्रेम बसवली, तिच्या खाचेत −३.५० चं भिंग घातलं, तुम्ही भिंतीवरचा तक्ता वाचलात. मग ते भिंग तसंच ठेवून त्याच्या पुढच्या खाचेत +२.०० चं भिंग सरकवलं आणि हातात बारीक अक्षरांचं कार्ड दिलं. तुम्ही वाचलंत ते दोन्ही भिंगांतून. दुकानदार आता मागचं भिंग काढून टाकून नुसतं पुढचं विकतोय.

त्याच्या डोक्यात हे कुठून येतं, तेही कळतं. ज्यांचा दूरचा नंबर शून्य आहे त्यांच्यासाठी ० + २ = +२, आणि वाचायचा चष्मा मागायला येणारे बरेचसे असेच असतात. फुटपाथवरचे तयार चष्मेही सगळे प्लसचे. त्यामुळे ‘वाचायचा म्हणजे प्लस’ हे हाताला बसतं. दूरचा +१.०० असलेल्या माणसाला +३.०० लागतो, तिथेही ही सवय चुकतेच, पण गिऱ्हाईक थोडं लांब धरून भागवतं आणि ओरड होत नाही. आपल्यासारख्या मायनसवाल्यांचं मात्र भागत नाही.

तुमच्या उजव्या डोळ्याचं गणित पाहा. चष्म्याचा नंबर म्हणजे भिंगाची शक्ती, ती डायॉप्टरमध्ये मोजतात. −३.५० नंबर म्हणजे डोळा गरजेपेक्षा ३.५ डायॉप्टर जास्त प्रकाश वळवतो. चष्मा काढलात तर १ ÷ ३.५ मीटर, म्हणजे साधारण २८ सेंटीमीटरपर्यंतचंच स्पष्ट दिसेल. वर +२.०० चढवला की जादा शक्ती झाली ५.५, आणि स्पष्ट दिसण्याची हद्द आली १८ सेंटीमीटरवर. चष्म्याने सुधारणा सोडाच, उघड्या डोळ्यापेक्षा वाईट! −१.५० लावला तर जादा २ डायॉप्टर उरतात, हद्द जाते ५० सेंटीमीटरवर. पुस्तक आपण धरतो ४० च्या आसपास, त्याला २.५ लागतात. त्यातले २ चष्म्याने सोडलेले, राहिलेला अर्धा तुमचा डोळा या वयातही स्वतः देतो. डॉक्टरांनी +२.०० ठरवला तो असाच काहीसा.

माझा दूरचा −५.००, ॲड +२.००. म्हणजे हवा होता −३.००, हातात पडला +२.००. वर्तमानपत्र नाकापासून वीतभरसुद्धा लांब धरता येईना. काउंटरवरच्या माणसाने सांगितलं, ‘नवीन नंबर आहे, सवय होईल, आठ दिवस लावा.’ सवय कसली होणार? सात डायॉप्टरचा फरक आहे, १४ सेंटीमीटरच्या पलीकडे अक्षर उमटणारच नाही. पुन्हा गेलो तर म्हणाला, नंबर परत तपासून आणा. डॉक्टर म्हणाले नंबर बरोबर आहे. दुकान म्हणालं, आम्ही कागदाप्रमाणेच केलंय. मी कागदावर बेरीज करून दाखवली, तर ‘साहेब, प्लस-मायनस आमचं रोजचं काम आहे.’

शेवटी माझा जुना बायफोकल उपयोगी पडला. दुकानातल्याच लेन्सोमीटरवर, म्हणजे काचेचा नंबर मोजायच्या मशीनवर, ठेवायला लावला. वरचा भाग −५.००, खालची चंद्रकोर −३.००. बायफोकलची चंद्रकोर म्हणजे तरी काय, −५.०० च्या काचेवर बसवलेली +२.०० ची भर. तेव्हा कुठे तो गप्प झाला. पैसे मात्र परत दिले नाहीत, ‘कापलेली काच परत घेत नाही’ म्हणून नवीन काचेचे पुन्हा घेतले. ते अजून डाचतं. तुमच्याकडे जुना बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह असेल तर वाद घालत बसू नका, तोच काउंटरवर ठेवा. खालचा नंबर आजच्याशी अगदी जुळणार नाही, पण चिन्ह मायनस आहे एवढं पुरे.

मुलाने शाळेत शिकलेलं बरोबर लावलंय, पण त्याला एक विचारा: नाभीय अंतरं का मिळवत नाहीत? −३.५० चं नाभीय अंतर −२८.६ सेंटीमीटर, +२.०० चं +५०. मिळवली तर +२१.४ सेंटीमीटर येतं, म्हणजे +४.६७ डायॉप्टरचं बहिर्गोल भिंग. खरं उत्तर −१.५०, नाभीय अंतर −६६.७. नुसता आकडा नाही, भिंगाची जातच बदलली. कारण सोपं आहे. प्रत्येक भिंग किरणांच्या अभिसरणात आपल्या शक्तीएवढी भर किंवा घट करतं, आणि पहिल्याने दिलेलं अभिसरण जसंच्या तसं दुसऱ्याच्या हाती पडतं. म्हणून बेरीज शक्तीची, म्हणजे १/f ची होते, नाभीय अंतराची, म्हणजे f ची नाही. मोनोयेर या फ्रेंच नेत्रतज्ज्ञाने १८७२ साली ‘डायॉप्टर’ हे नाव सुचवलं. त्याआधी भिंगं इंचातल्या नाभीय अंतराने ओळखायचे आणि दोन भिंगं जोडली की अपूर्णांकांची कटकट. हा हिशेब सोपा व्हावा म्हणूनच तर डायॉप्टर आला, आणि आपण काउंटरवर त्यावरून भांडतोय.

चष्मा आधीच बनून आला असेल तर मशीनशिवाय घरीच ओळखता येईल. चष्मा डोळ्यापासून वीतभर लांब धरा, काचेतून खिडकीचा उभा गज पाहा आणि चष्मा हळूच डावी-उजवीकडे हलवा. काचेतला गज चष्म्याच्याच दिशेने सरकला तर काच मायनस, उलट सरकला तर प्लस. आकडाही काढता येतो, पण त्याला कुणाच्या तरी ट्रायल बॉक्समधली भिंगं हवीत. तुमच्या काचेला +१.५० चं भिंग चिकटवून धरलं आणि गज हलायचा थांबला, तर तुमची काच −१.५०. दोघांची बेरीज शून्य, उरली साधी काच. लेन्सोमीटर येण्याआधी दुकानांत असेच नंबर काढत. लॅबमध्ये आम्ही मुलांकडून हे करून घ्यायचो, पण त्यांतल्या कुणी पुढे चष्म्याचं दुकान काढल्याचं ऐकिवात नाही.

काही कागदांवर ‘ॲड’ हा शब्दच नसतो, नुसतं ‘जवळचा +२.००’ असतं. तो एकूण नंबर की भर? माझा अंदाज घ्यायचा प्रकार असा: दोन्ही डोळ्यांचे दूरचे नंबर वेगळे आणि जवळचे मात्र सारखेच लिहिले असतील, तर बहुतेक ती भर आहे. एकूण नंबर असते तर दूरचा फरक तिथेही दिसला असता, तुमच्याकडे −१.५० आणि −१.०० दिसतो तसा. तरी हा अंदाजच, खात्री डॉक्टरांकडूनच करा. सिलिंडरचा नंबर असेल तर तो आणि अक्ष तसेच ठेवायचे, भर फक्त स्फेरिकल नंबरात.

+२.०० चा चष्मा तुम्हाला एकाच स्थितीत चालेल: दूरचा नंबर कॉन्टॅक्ट लेन्सने भरून काढलात आणि वर वाचायला चष्मा लावलात तर. तेव्हा −३.५० डोळ्यावर आधीच आहे. लेन्स आणि चष्मा यांत सेंटीमीटरभर फट राहते आणि सूत्रात −d·P1·P2 हे पद वाढतं, d मीटरमध्ये. १२ मिलिमीटरला ते ०.०८ येतं. चष्म्याचे नंबर पावाच्या टप्प्याने जातात, त्यात हे बुडून जातं. खूप मोठ्या नंबरांना मात्र बुडत नाही, तिथे डॉक्टरच.

आणखी एक, विचारलं नाहीत तरी सांगतो. −१.५० ने कॉम्प्युटरचा पडदा ६० सेंटीमीटरवर थोडा पुसट दिसेल, कारण हद्द ५० ची आहे. दिवसभर पडद्यासमोर बसत असाल तर डॉक्टरांना त्या अंतरासाठी कमी ॲड विचारा. +१.०० धरला तर उजवा −२.५० होईल आणि हद्द एक मीटरवर जाईल.

ऑफिसातून चष्म्याचे पैसे मिळत असतील तर डॉक्टरांकडून ‘जवळचा: उजवा −१.५०, डावा −१.००’ असं पूर्ण लिहून, सही-शिक्क्यासकट घ्या, तेही चष्मा करण्याआधी. माझं बिल एका कार्यालयाने परत पाठवलं होतं. शेरा होता, ‘कागदावर +२.००, बिलावर −३.००, नंबर जुळत नाही.’ मी समजावायला गेलो, बेरीज मांडून दाखवली. तिथल्या बाई म्हणाल्या, ‘आम्ही बेरीज करत नाही, जुळतं का ते बघतो.’