१० टनी क्रेनचा गँट्री गर्डर: चाकाचा भार, फटीग आणि डिफ्लेक्शनची तपासणी

प्रश्न: जळगाव एमआयडीसीत प्लॅस्टिक मोल्डिंगचा शेड उभारतोय. १० टनी डबल गर्डर ईओटी क्रेन, क्रेनचा स्पॅन १५ मीटर, कॉलम ७.५ मीटरवर. गर्डरच्या कडेने चालायचा प्लॅटफॉर्म आहे आणि त्याखाली आडवा ट्रस. दोन शिफ्ट मिळून रोज ५०-६० वेळा साचे उचलले जातील. फॅब्रिकेटर म्हणतो, आयएसएमबी ५०० वर आयएसएमसी २५० टाकला की विषय संपला. भाऊ, हे चालेल का, आणि तपासणीच्या नोंदीत फटीग खरंच घ्यावं लागतं का?

उत्तर:

ताकदीत हा सेक्शन पास होतो, तोही तुमच्या आडव्या ट्रसच्या जिवावर. डिफ्लेक्शनमध्ये थोडक्यात नापास होतो. फटीगमध्ये पास की नापास, हे सेक्शनपेक्षा त्याला कोण कुठे वेल्ड मारतो यावर ठरतं. म्हणून फटीग घ्याच.

सुरुवात चाकाच्या भारापासून. क्रेनवाल्याचा डेटाशीट हातात येईपर्यंत मी असं धरतो: क्रॅब सोडून क्रेनचं वजन १२ टन, क्रॅब ३ टन, हूक रुळाच्या जास्तीत जास्त १ मीटर जवळ येतो, एका बाजूला दोन चाकं, त्यांच्यात ३ मीटर अंतर. शीट आल्यावर आकडे बदला, रीत तीच राहील. भार रुळाजवळ आला की त्या बाजूची प्रतिक्रिया अशी निघते:

```
R = 120/2 + (100 + 30) × (15 − 1)/15 = 181.3 kN
W = R/2 = 90.7 kN   (एका चाकावर, स्थिर)
```

"१० टन भागिले ४ चाकं, म्हणजे अडीच टन" असा तोंडी हिशेब साइटवर सर्रास ऐकू येतो. खरा भार ९ टनांच्या वर आहे. क्रेनचं स्वतःचं वजन आणि हूक एका टोकाला जाणं, या दोन गोष्टी तो हिशेब विसरतो.

आयएस ८७५ भाग २ प्रमाणे विजेवरच्या क्रेनला उभ्या भारात २५ टक्के इम्पॅक्ट धरायचा, म्हणजे चाक ११३.३ किलोन्यूटनचं झालं. आडवा सर्ज क्रॅब आणि उचललेला माल यांच्या १० टक्के, इथे १३ किलोन्यूटन. रुळाच्या दिशेने स्थिर चाकभाराच्या ५ टक्के, साधारण ९ किलोन्यूटन. तो उभ्या ब्रेसिंगला द्यायचा आणि पुढे जायचं.

दोन चाकांचा जास्तीत जास्त मोमेंट चाकं बरोबर मधोमध असताना येत नाही. एक चाक मध्यापासून चाकांतल्या अंतराच्या चौथ्या भागाएवढं, म्हणजे ७५० मिमी, सरकलेलं असताना त्या चाकाखाली येतो. L म्हणजे गर्डरचा स्पॅन ७.५ मीटर, s म्हणजे चाकांतलं अंतर:

```
M = W (L − s/2)² / (2L) = 2.4 W
```

इम्पॅक्टसह २७२ किलोन्यूटन-मीटर. गर्डर आणि रुळाच्या वजनाचे १० धरून १.५ ने गुणलं की ४२३. आयएसएमबी ५०० आणि वर पालथा आयएसएमसी २५० यांचा एकत्रित जडत्व मोमेंट सुमारे ६१,१४० सेमी⁴ येतो. न्यूट्रल अक्ष तळापासून ३११ मिमीवर, त्यामुळे खालच्या फ्लँजचा सेक्शन मॉड्युलस १,९६८ सेमी³. वरचा फ्लँज बाजूला सरकू शकत नसेल तर क्षमता ५३० च्या आसपास आहे, म्हणजे आरामात पास. पण तो ७.५ मीटर मोकळा असेल तर लॅटरल टॉर्शनल बकलिंगमुळे हीच क्षमता अडीचशे ते पावणेतीनशेवर घसरते. म्हणून नोंदीत स्पष्ट लिहा की आडवा ट्रस हा डिझाइनचा भाग आहे आणि तो वरच्या फ्लँजच्या पातळीला, ठरलेल्या अंतरावर बोल्टने जोडलेला आहे. पुढे कोणी "केबल ट्रे आड येतो" म्हणून त्याचे दोन मेंबर काढले, तर गर्डरची अर्धी ताकद त्यांच्याबरोबर जाईल.

आता डिफ्लेक्शन. इथे इम्पॅक्ट आणि १.५ चा गुणक दोन्ही काढून ठेवायचे, स्थिर चाकभारच घ्यायचा. चाकं मध्याच्या दोन्ही बाजूंना समान अंतरावर ठेवून:

```
δ = W a (3L² − 4a²) / (24 E I),   a = (L − s)/2 = 2.25 m
δ = 10.3 mm
```

आयएस ८०० च्या तक्ता ६ मध्ये ५० टनांपर्यंतच्या विजेच्या क्रेनला मर्यादा स्पॅन भागिले ७५०, म्हणजे १० मिमी. हाताने चालवायच्या क्रेनची ५०० ची मर्यादा इथे लावून "१५ मिमी चालतं" असं दाखवणारी शीट आली तर ती परत पाठवा. तीन दशांश मिमीवरून वाद घालण्यात अर्थ नाही असं कोणी म्हणेल. पण स्वतःच्या वजनाचा अर्धा मिमी अजून धरलेला नाही, आणि क्रेनवाल्याचं अंतिम वजन अंदाजापेक्षा कमी येण्याची आशा मी तरी ठेवत नाही. ग्रेड वाढवूनही इथे फायदा नाही, कारण ई २५० असो की ई ३५०, स्टीलचा इलॅस्टिक मॉड्युलस तोच.

झोल जास्त झाला की क्रेन प्रत्येक बेमध्ये उतरते आणि चढते. पण खरं दुखणं गर्डरच्या टोकांना असतं. वरच्या हिशेबात टोक ०.००४४ रेडियन फिरतं. गर्डर तळाला टेकलेला आहे, म्हणून ५०० मिमी उंचीवरचा वरचा फ्लँज प्रत्येक फेरीला सुमारे २.२ मिमी पुढे-मागे होतो. तिथे कॉलमला जाड प्लेटने घट्ट वेल्ड मारलं किंवा शेजारच्या दोन गर्डरची वेब एकमेकांना पूर्ण उंचीत जोडली, तर ती हालचाल वेल्डलाच फाडते. आडवा सर्ज घेणारी टाय-बॅक प्लेट उभ्या दिशेला आणि रुळाच्या दिशेला लवचीक हवी. आणि डिफ्लेक्शन कमी करायला गर्डरखाली तिरपा नी-ब्रेस टाकायचा सल्ला कोणी दिला तर नको म्हणा. साध्या टेकूच्या गर्डरला तो अर्धवट जखडतो, आणि पहिला तडा त्याच जोडावर दिसतो.

फटीगसाठी आधी फेऱ्या मोजू. रोज ६०, वर्षाला ३०० दिवस, २५ वर्षं: साडेचार लाख. प्रत्येक उचल पूर्ण १० टनांची नसते हे खरं, पण त्याचा दिलासा वाटतो तेवढा मोठा नाही. क्रेनचं वजन कायम सोबत असतं, त्यामुळे ५ टन उचलल्यावरही ताणाचा फरक पूर्ण भाराच्या ७४ टक्के राहतो, आणि क्रॅब त्याच टोकाला ठेवून रिकामी क्रेन गेली तरी ४९ टक्के. मी सुरक्षित बाजूने सगळ्या फेऱ्या पूर्ण भाराच्या धरतो.

खालच्या फ्लँजमधला ताणाचा फरक इम्पॅक्टसह १३८ मेगापास्कल. आयएस ८०० च्या भाग १३ मध्ये ५० लाखांपेक्षा कमी फेऱ्यांसाठी परवानगी अशी काढतात, यात fn म्हणजे त्या प्रकारच्या तपशिलाची ५० लाख फेऱ्यांची फटीग ताकद:

```
f = fn × (5×10⁶ / N)^(1/3) / 1.25
N = 4.5×10⁵ असता f = 1.785 × fn
```

१.२५ हा गुणक तपासणीला सहज पोचता येतं, पण तो भाग तुटला तर पर्यायी आधार नाही, अशा मेंबरचा. साध्या रोल्ड सेक्शनला fn ११८ आहे, म्हणजे परवानगी २१० आणि सेक्शन निवांत पास. खालच्या फ्लँजला आडवा स्टिफनर वेल्ड केला की त्या जागी fn ५९ वर येतो आणि परवानगी १०५ उरते. १३८ ला ती पुरत नाही. डिझाइन आयुष्य २५ ऐवजी ११ वर्षांवर येतं. स्टिफनर फ्लँजच्या ५० मिमी वर थांबवला तरी तिथे १०८ निघतात, म्हणजे तेही थोडक्यात नापासच. इथेही जास्त ताकदीच्या स्टीलने काही सुधारत नाही, वेल्डच्या टोकाला ग्रेड कळत नाही.

सुदैवाने रोल्ड आयएसएमबीच्या जाड वेबला मधले स्टिफनर लागतच नाहीत. टेकूवरचे ठेवा, तिथे मोमेंट शून्य असतो. धोका नंतर येतो: इलेक्ट्रिशियन डीएसएल बसबारचे ब्रॅकेट, पाइपवाला हवेच्या लाइनचा क्लीट, सगळे सोयीचा म्हणून खालच्या फ्लँजलाच टाके मारतात. ते ब्रॅकेट वेबच्या मध्याजवळ, न्यूट्रल अक्षाच्या आसपास बोल्टने लावा. ड्रॉइंगवर ठळक ओळ हवी: "खालच्या फ्लँजला कुठलंही वेल्डिंग करू नये, तात्पुरता टाकासुद्धा नाही."

चॅनेल आणि बीममधल्या वेल्डवर फॅब्रिकेटर नक्की हटकेल. शिअरचा हिशेब केला तर ६ मिमी वेल्डची क्षमता गरजेच्या पाचपट निघते, म्हणून तो तुकड्या-तुकड्यांचा वेल्ड मागेल. देऊ नका. चाक ही फट थेट दाबत जातं, आणि एका फेरीत मोमेंटचा मोठा चढउतार एकदा होत असला तरी या वेल्डला दोन चाकांचे दोन फटके बसतात. तुकड्याच्या टोकापासून तडा सुरू होतो. दोन्ही बाजूंना सलग ६ मिमी फिलेट, आणि वेल्डच्या आधी चॅनेल फ्लँजवर नीट बसलाय का ते फीलर गेजने बघा. रूळ क्लिपने बसवा. चौरस बार थेट चॅनेलला वेल्ड करायची आपल्याकडची सवय या फेऱ्यांना परवडणारी नाही.

तर सेक्शन कोणता? मी आयएसएमबी ६०० आणि आयएसएमसी ३०० घेईन. जडत्व मोमेंट जवळजवळ दुप्पट होतो, डिफ्लेक्शन ५.२ मिमीवर येतं, ताणाचा फरक ८२ मेगापास्कल. म्हणजे उद्या कोणी न विचारता स्टिफनर मारलाच तरी १०५ च्या आत. वजन मीटरला ४१ किलोने वाढतं, एका गर्डरला साधारण ३०८ किलो. कॉलमवरच्या ब्रॅकेटची उंची १०० मिमी खाली घ्यावी लागेल, ते फाउंडेशनचे बोल्ट टाकण्याआधी फॅब्रिकेटरला कळवा.

शेवटची तपासणी गर्डरची नाही, फ्रेमची आहे, पण नोंद तिच्याशिवाय अपुरी राहते. दोन रुळांमधलं अंतर भाराखाली १० मिमीपेक्षा जास्त बदलायला नको. रुळाच्या पातळीला कॉलम किती सरकतो त्याची मर्यादा पेंडंटवरून चालणाऱ्या क्रेनला, पत्र्याच्या शेडमध्ये, उंची भागिले २०० आहे. ६ मीटरवर रूळ असेल तर ती ३० मिमी होते. दोन्ही कॉलम एकाच बाजूला सरकले तर १० मिमीची अट धक्का न लागता पाळली जाते, विरुद्ध बाजूंना सरकले तर आधी तीच मोडते. म्हणून फ्रेमच्या विश्लेषणातून दोन्ही रुळांचे आकडे चिन्हांसकट मागून घ्या.