पोस्टाने दिलेली स्वीकृती: नमुना उत्तर कसं बांधायचं

प्रश्न: "इंग्लिश करार कायद्याचा सरावाचा प्रश्न आहे. 'अ'ने 'ब'ला पत्र पाठवून छपाईयंत्र ४,००० पौंडांना देऊ केलं. पत्र ३ तारखेला पोचलं. ४ला 'अ'ने प्रस्ताव मागे घेतल्याचं पत्र टाकलं. ५ला सकाळी 'ब'ने होकाराचं पत्र पेटीत टाकलं. ६ला 'अ'चं पत्र 'ब'ला मिळालं. 'ब'चं पत्र वाटेतच गहाळ झालं. ८ला 'अ'ने यंत्र तिसऱ्याला विकलं. होकार पोचलाच नाही म्हणून करार नाही, असं मी लिहिलं आणि गुण गेले. चुकलं कुठे?"

तुम्ही निकालापासून सुरुवात केलीत, तिथे चुकलं. या प्रश्नात दोन पत्रं आहेत आणि दोघांना लागू होणारे नियम वेगळे आहेत. आधी ते वेगळे करा.

सर्वसाधारण नियम असा की स्वीकृती प्रस्ताव देणाऱ्यापर्यंत पोचली पाहिजे. पोस्टल रूल, म्हणजे पत्र पोस्टात पडताच स्वीकृती पूर्ण धरणं, हा त्याला अपवाद, आणि अपवाद लागू होतो हे दाखवावं लागतं. म्हणून पहिला प्रश्न: इथे पोस्टाने उत्तर देणं दोघांच्याही अपेक्षेत होतं का? प्रस्तावच पत्राने आला होता आणि उत्तराची दुसरी रीत सांगितलेली नव्हती, त्यामुळे होय. 'हेन्थॉर्न वि. फ्रेझर' (१८९२) इथे लिहा. त्यात प्रस्ताव हातोहात दिला होता, तरी परिस्थिती पाहता पोस्टाने उत्तर येणं अपेक्षित होतं, म्हणून नियम लागू झाला. आपल्या प्रश्नात तर पत्राला पत्रानेच उत्तर आहे.

मग 'अ'ने हा नियम टाळला होता का ते पाहा. 'हॉलवेल सिक्युरिटीज वि. ह्यूजेस' (१९७४) मध्ये खरेदीदाराने मालकाला 'लेखी नोटीस' देऊन मालमत्ता विकत घेण्याचा हक्क बजावायचा होता. कोर्टाने त्या शब्दांचा अर्थ नोटीस मालकापर्यंत पोचली पाहिजे असा घेतला, आणि गहाळ झालेलं पत्र कामाला आलं नाही. तुमच्या प्रश्नात तशी अट नाही. हा मुद्दा दोन ओळींत उरका, पण वगळू नका. परीक्षक तो शोधतात.

आता नियम लावा. 'अ‍ॅडम्स वि. लिंडसेल' (१८१८) पासून पत्र पोस्टात पडलं की त्या क्षणी स्वीकृती पूर्ण होते. म्हणजे करार ५ तारखेच्या सकाळी झाला. पत्र नंतर हरवलं तरी फरक पडत नाही. 'हाउसहोल्ड फायर वि. ग्रांट' (१८७९) मध्ये शेअर मिळाल्याचं पत्र अर्जदाराला कधीच मिळालं नाही, तरी तो भागधारक ठरला. मात्र इथे एक वाक्य जरूर लिहा: पत्ता बरोबर होता, तिकीट लावलेलं होतं, पत्र पेटीत टाकलं होतं. पत्र रस्त्यात भेटलेल्या पोस्टमनच्या हाती दिलं असतं आणि त्याला पत्रं घेण्याचा अधिकार नसता, तर तेवढ्याने ते 'पोस्ट' झालं असं म्हणता आलं नसतं. १९०० सालच्या लंडन अँड नॉर्दर्न बँकेच्या प्रकरणात नेमकं हेच झालं.

आता दुसरं पत्र. प्रस्ताव मागे घेण्याला पोस्टल रूल नाही. ती सूचना समोरच्यापर्यंत पोचावीच लागते. 'बर्न वि. व्हॅन टिनहोवेन' (१८८०) मध्ये माघारीचं पत्र ८ ऑक्टोबरला कार्डिफहून निघालं, ११ ऑक्टोबरला न्यूयॉर्कला प्रस्ताव मिळताच तारेने होकार गेला, आणि माघार पोचली २० तारखेला. करार टिकला. तुमचा प्रश्न त्याच साच्याचा आहे, फक्त तारखा जवळ आणल्यात. ४ला टाकलेलं पत्र ६ला परिणाम करणार, तेव्हा मागे घ्यायला प्रस्तावच उरलेला नाही.

परीक्षेत मी हे असं लिहीन: "माघार ४ तारखेला पाठवली गेली, पण ती ६ तारखेपर्यंत 'ब'ला कळली नव्हती. स्वीकृती ५ तारखेला पोस्ट होताच पूर्ण झाली. म्हणून ८ तारखेची विक्री हा करारभंग आहे." नंतर उपाय: बाजारभाव ४,००० पौंडांच्या वर असेल तर तेवढ्या फरकाची भरपाई 'ब' मागू शकतो. यंत्रच हवं असा हुकूम मिळणं अवघड, कारण ते हातचं गेलेलं आहे.

'ब'ने ५ला संध्याकाळी फोन करून होकार मागे घेतला असता तर काय, हा उपप्रश्न हमखास येतो. त्यावर थेट इंग्लिश निवाडा नाही, म्हणून दोन्ही बाजू मांडा: नियम काटेकोर लावला तर 'ब' बांधला गेला, पण हा नियम स्वीकारणाऱ्याच्या सोयीचा आहे, आणि फोनआधी पत्र न पोचल्याने 'अ'चं काही बिघडलेलं नाही. भारतीय करार कायद्यात (१८७२) मात्र उत्तर सरळ आहे. कलम ४ प्रमाणे पत्र टाकताच प्रस्ताव देणारा बांधला जातो, पण स्वीकारणारा ते त्याला कळल्यावरच. म्हणून कलम ५ प्रमाणे 'ब'चा फोन वेळेत ठरला असता. दोन्ही कायदे एकाच उत्तरात मिसळू नका, गुण तिथेच जातात.