पडद्यावरची ओळख: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ऑनलाइन बैठकीत मी ओळख करून दिली की 'नाव पुन्हा सांगा' असेच ऐकावे लागते. माइक तर चांगला आहे.

उत्तर: बैठकीचे सॉफ्टवेअर मागचा गोंगाट सतत दाबत असते. शांततेनंतर आलेला आवाज माणसाचा आहे की सरकवलेल्या खुर्चीचा, हे त्याने ठरवेपर्यंत पहिले एखादे अक्षर कापले जाऊ शकते. म्यूट काढताक्षणीच बोललात तर आख्खा शब्दही जातो. म्हणून म्यूट काढल्यावर एक श्वास थांबावे, 'नमस्कार' म्हणावे आणि मगच नाव सांगावे, म्हणजे कापला गेलाच तर नमस्कार कापला जाईल. पंख्याची एकसुरी घरघर सॉफ्टवेअर बऱ्यापैकी दाबते, पण शेजारच्या खोलीतल्या टीव्हीवरचे बोलणे हाही माणसाचाच आवाज असल्याने तो पलीकडे पोहोचतो. तेव्हा पंख्याआधी टीव्ही बंद करावा. वायरचे इअरफोन वापरत असाल, तर त्यांचा माइक कॉलरला घासत नाही ना, हे पाहावे. झूमवर बैठक असेल, तर zoom.us/test येथे आपला आवाज आधी ऐकून घेता येतो.

प्रश्न: माझा चेहरा काळपट दिसतो आणि मी खाली पाहतो आहे असे वाटते. काय करावे?

उत्तर: पाठीमागे खिडकी असली की कॅमेरा तिच्या उजेडाशी जुळवून घेतो आणि चेहरा अंधारात जातो, खिडकीकडे तोंड करून बसावे. लॅपटॉपखाली पुस्तके ठेवून कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर आणावा आणि पडद्यावरची बैठकीची चौकट लहान करून कॅमेऱ्याच्या अगदी खाली सरकवावी, म्हणजे समोरच्याकडे पाहतानाही नजर कॅमेऱ्याजवळच राहते.

प्रश्न: मुलाखतीत 'स्वतःबद्दल सांगा' म्हटले की मी लांबत जाते. लिहून वाचले तर चालेल का?

उत्तर: वाचताना डोळे डावीकडून उजवीकडे फिरतात आणि ते पडद्यावर लगेच कळते. चार-पाच शब्दांची चिठ्ठी कॅमेऱ्याशेजारी चिकटवावी आणि अर्ध्या मिनिटात संपेल एवढेच बोलावे. पतसंस्थेतून मोठ्या संस्थेकडे अर्ज करणाऱ्या लेखापालाने समजा असे सांगितले:

"नमस्कार. मी स्नेहल. नाशिकच्या एका पतसंस्थेत चार वर्षे कर्जखात्यांचे हिशेब पाहते. थकीत खात्यांची यादी मी वहीतून एक्सेलमध्ये आणली. त्यामुळे महिनाअखेरचे तीन दिवसांचे काम एका दिवसात होते. आता लेखापरीक्षणाकडे वळायचे आहे, म्हणून हा अर्ज केला. यातले काही सविस्तर सांगू का?"

चिठ्ठीवर 'पतसंस्था, थकीत यादी, तीनाचा एक, लेखापरीक्षण' एवढे पुरते. कामाचे एकच उदाहरण घेतले आहे, कारण दुसरे आले की बोलणे लांबते. शेवटचा प्रश्न मात्र गाळू नये. समोरासमोर बसलो असता आपले बोलणे संपल्याचे चेहऱ्यावरून कळते. येथे आवाज थोडा उशिरा पोहोचतो, त्यामुळे तुम्ही थांबलात की जोडणी तुटली, हे पलीकडच्यांना उमगत नाही आणि दोघे एकदमच बोलू लागतात.