मुळाक्षरांचा तक्ता घरी करताना: शब्द आणि चित्रं कशी निवडावीत

प्रश्न: मुलगी साडेचार वर्षांची आहे. घरी मराठी बोलतो, शाळा इंग्रजी माध्यमाची. अक्षर, शब्द आणि चित्र असे तीन रकाने करून मराठीचा तक्ता बनवतेय. बाजारातल्या तक्त्यातले ऐरण, एडका, यज्ञ तिला कळतच नाहीत. शब्द कसे निवडू? ङ, ञ, ण, ळ यांना काय घालू? आणि क्रम अ-आ-इ-ई हाच ठेवू का?

उत्तर:

ताई, मी एकोणीस वर्षं बालवाडीत शिकवतेय आणि असे तक्ते बरेच केले आहेत, चुकवलेही आहेत. शब्द ठरवण्याआधी एक काम करा. मनात असलेल्या शब्दांची नुसती चित्रं गोळा करा, त्यावर काहीही लिहू नका आणि मुलीला एकेक दाखवून "हे काय?" एवढंच विचारा. तिच्या तोंडून आपसूक जो शब्द येईल तोच तक्त्यात जाईल. आपण सांगितल्यावर "हो हो" म्हणाली तर तो शब्द धरायचा नाही.

माझ्या भाचीची मुलगी तुमच्या लेकीएवढीच होती तेव्हा मी तिला अशी ३६ चित्रं दाखवली. मला हवा तो शब्द २२ वेळा आला. बाकीची उत्तरं ऐका: टरबुजाला ती "कलिंगड" म्हणाली, थव्याला "पक्षी", एडक्याला "शीप". धनुष्याचं चित्र बघून म्हणाली, "रामाचा बाण". आता ट च्या ओळीत कलिंगडाचं चित्र राहिलं असतं तर ती ट बघून क म्हणाली असती, आणि चूक तिची नसती. म्हणून ट ला आम्ही टप घेतला, थ ला थर्मास. धनुष्य काढून टाकलं, पण बाण ण साठी ठेवला.

त्यावरूनच तुमच्या ण आणि ळ चं उत्तर मिळतं. ही अक्षरं शब्दाच्या सुरुवातीला येतच नाहीत, तेव्हा सुरुवातीचा शब्द शोधत बसू नका. बाण, नळ, बाळ असे शेवटी ती अक्षरं असलेले शब्द घ्या. याचा एक फायदाही आहे. मराठीत शब्दाच्या शेवटचा अ आपण बोलताना गाळतो, त्यामुळे "बाऽऽण्" असं लांबवून म्हटलं की ण चा आवाज एकटा, स्वच्छ ऐकू येतो. तक्त्यात त्या शब्दातलं ते शेवटचं अक्षर लाल करा, म्हणजे कुठे बघायचं ते तिला कळेल. ङ आणि ञ यांना चित्राच्या तक्त्यात जागाच देऊ नका. त्यांनी सुरू होणारा, मुलाला माहीत असलेला शब्द मराठीत नाही. वर्णमाला म्हणताना ती तोंडी येतात, तेवढं पुरे. अः चंही तसंच.

शेवटच्या अक्षराची ही युक्ती आणखी दोन ठिकाणी कामाला येते. य ने सुरू होणारे लहान मुलाच्या ओळखीचे शब्द फार थोडे, म्हणून यज्ञ सोडून गाय किंवा पाय घ्या. ई ला ईडलिंबू छापतात, आणि ते मुलांनी पाहिलेलंच नसतं. त्याऐवजी "सुई" किंवा चक्क "आई" घ्या आणि तुमचाच फोटो चिकटवा. क्ष साठी रिक्षा चांगली, पण क्ष आणि ज्ञ ही मुळात जोडाक्षरं आहेत, ती अगदी शेवटी. ॲ आणि ऑ मात्र घ्याच. राज्य शासनाने २००९ मध्ये वर्णमाला प्रमाणित केली तेव्हा हे दोन स्वर तीत घेतले. ॲप्रन आणि ऑफिस हे शब्द तुमच्या मुलीला ऐरणीपेक्षा नक्की जवळचे असतील.

दुसरी गोष्ट, क ला केळं किंवा कुत्रा घेऊ नका. आपलं अक्षर "क" म्हणजे क् आणि अ दोन्ही. मूल केळं या शब्दात "के" बघतं आणि "के" ऐकतं, रकान्यात मात्र क लिहिलेला असतो. पहिल्या तक्त्यात जमेल तिथे बिनमात्रेचं, बिनकान्याचं अक्षर असलेला शब्द घ्या: कप, खडू, घर, छत्री, डबा, ढग, तवा, दप्तर, फणस, बदक, भजी, लसूण, वडा, शर्ट, ससा, हरीण. तसंच अ च्या ओळीत अंगठी नको, ती अं ची. अ ला अननस बरोबर आहे. ठ ला "ठसा" घेते मी, आणि त्याचं चित्र काढत नाही. मुलीचा अंगठा रंगात बुडवून त्या चौकोनात तिच्याकडूनच ठसा उमटवून घ्यायचा. ठ ती विसरत नाही.

आता च, ज, झ. बाजारातले जवळजवळ सगळे तक्ते इथे मुलांना फसवतात. "चमचा" आणि "चंद्र" हे दोन शब्द सावकाश म्हणून बघा. चमच्याच्या च ला जीभ वरच्या दातांच्या मागे टेकते, चंद्राच्या च ला मागे टाळूकडे जाते. अक्षर एक, आवाज दोन. घरात मराठी ऐकणारं मूल बोलताना हे बरोबर बोलतं, पण इंग्रजी शाळेत जाणारी मुलं वाचायला लागली की चमचा, चाक, झाड सगळं टाळूवरून म्हणायला लागतात, कारण त्यांना च ची एकच ओळख करून दिलेली असते. म्हणून या तीन अक्षरांना प्रत्येकी दोन ओळी द्या: चमचा आणि चंद्र, जांभूळ आणि जग (पाण्याचा), झगा आणि झेंडा. ज च्या जांभळाला आणि झ च्या झेंड्याला नियम थोडा वाकवलाय, आवाजासाठी तेवढं चालतं. अक्षर दोन्ही ओळींत अगदी सारखंच लिहा. काही जण दाताच्या च खाली टिंब देतात. तिच्या पुढच्या पुस्तकात ते टिंब नसणार, तेव्हा नको. इ आणि ए च्या आधी (चिमणी, चेंडू, जिराफ) हा आवाज टाळूचा असतो, एवढं तुमच्या लक्षात असू द्या. तिला सांगायची गरज नाही. फ चंही बघा: "फणस" म्हणताना दोन्ही ओठ मिटतात, "फोन" ला दात ओठाला लागतात. फ ला फोनचं चित्र लावलं तर फणसाचाही उच्चार बिघडतो.

क्रम अ-आ-इ-ई ठेवू नका. वर्णमाला गाण्यासारखी पाठ होऊ दे, ते वेगळं. तक्ता वाचण्यासाठी आहे, म्हणून पहिल्या पानावर अशी अक्षरं हवीत की ज्यांचे एकमेकांत मिळून शब्द होतील आणि जी दिसायला एकमेकांसारखी नसतील. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, प आणि ष या जोड्या कधीही एका पानावर आणू नका. पूर्वापार शाळांत "गमभन" ने सुरुवात होते. वळणाच्या दृष्टीने त्यात अर्थ आहे, हात तसाच फिरतो. पण वाचायला शिकताना भ आणि म शेजारी आले की मुलं अडखळतात हे मी दरवर्षी बघते, म्हणून मी भ मागे ठेवते. माझं पहिलं पान असं असतं:

| अक्षर | शब्द | चित्र |
|---|---|---|
| ब | बस | लाल एसटी, बाजूने दिसणारी |
| स | ससा | बसलेला, कान उभे |
| न | नळ | तुमच्याच घरातल्या नळाचा फोटो |
| ळ | बाळ | तिचाच तान्हेपणीचा फोटो |
| म | मगर | तोंड उघडलेली, आजूबाजूला पाणी नको |
| र | रस | वाटीत आमरस |
| ग | गवत | नुसतं गवत, मागे झाड नको |

गवताचं चित्र तिला दाखवून बघाच, काही मुलं "झाड" म्हणतात. तसं झालं तर ग ला गणपती घ्या. एका चौकोनात एकच वस्तू असावी, मागे देखावा नसावा. ए-चार कागदावर सात ओळींपेक्षा जास्त नकोत, आणि अक्षर शब्दापेक्षा दुपटीने मोठं.

टाइप करताना ल आणि श नीट बघा. काही फाँट हिंदी वळणाचे ल आणि श दाखवतात, तिच्या मराठी पुस्तकात दिसतील ते वेगळे. अक्षर तेच असतं, फक्त फाँट बदला.

चित्राचा रकाना उजवीकडे ठेवा आणि त्याच्या रेषेवर कागद दुमडता येईल असं करा. मूल हुशार असतं, ते अक्षराकडे न बघता चित्र बघून घडाघडा म्हणतं आणि आपल्याला वाटतं की वाचता आलं. चार-पाच दिवसांनी चित्र दुमडून मागे घालायचं. तरीही ओळींचा क्रम पाठ झाल्याने ती बरोबर सांगू शकते, म्हणून खालून वर, मधूनच विचारायचं. त्याहून पक्की परीक्षा म्हणजे तक्त्यात नसलेला शब्द. या सात अक्षरांत नगर आणि सरळ होतात, काना शिकवला की मामा, बाबा, मासा, नाग.

इथे एक अडचण हमखास येते. मूल बस ला "ब-स" असं सुटं वाचतं आणि जोडताना "बसऽ" म्हणतं, शेवटचा अ ओढतं, त्यामुळे ओळखीचा शब्दही त्याला ओळखू येत नाही. तिला दटावू नका आणि नियमही सांगू नका. तुम्ही दोन्ही म्हणून दाखवा, "बसऽ" आणि "बस्", आणि विचारा की आपण कशात बसून आजीकडे जातो. आठ-दहा शब्दांत तिला ते जमतं. "चमचा" सारखे शब्द मात्र अजून वाचायला देऊ नका. चमचा आपण "चम्चा" म्हणतो, मधला अ गळतो, ते तिला या टप्प्यावर गोंधळाचं होतं. चित्राचा शब्द म्हणून तो चालतो, वाचायचा शब्द म्हणून नाही.

बोलताना "क कमळाचा" असं कमीत कमी म्हणा. सवय लागली की मूल प्रत्येक अक्षराला शेपूट लावून वाचतं, कप ला "कमळाचा क, पतंगाचा प". आवाज म्हणा, चित्रावर बोट ठेवा, पुढे जा. आणि तुमच्या घरी पाण्याला पानी, बाणाला बान म्हणत असतील (विदर्भ-मराठवाड्यात बऱ्याच घरांत म्हणतात), तर ण ची ओळ थोडी उशिरा घ्या आणि रोज एकदा "बाऽऽण्" म्हणून ऐकवा. घरची बोली चूक आहे असं तिला वाटता कामा नये.

पहिलं पान साधारण तीन आठवडे राहू दे. काना आल्यावर एका चिठ्ठीवर "बाबा बस" लिहून तिला द्या आणि बाबांना वाचून दाखवायला सांगा, बाबांनी लगेच बसायचं. ते जमलं की दुसरं पान: क, प, त, ल, व, ह आणि इ. त्यात कप, तवा, हात, पालक, वात आणि पहिल्या पानातली अक्षरं मिसळून कमळ असं सगळं निघतं. ण, च, ज, झ तिसऱ्या पानावर घ्या.