गृहकर्ज आहे म्हणून जुनीच करप्रणाली धरून बसायची का?

प्रश्न: मी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नोकरीला आहे. वार्षिक पगार १६ लाख, त्यात मूळ पगार ७.२० लाख. रंकाळ्याजवळ स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो. त्याचं ३२ लाख कर्ज बाकी आहे, साडेआठ टक्के व्याज, महिना ३०,००० हप्ता. या वर्षी व्याज साधारण २.७० लाख आणि मुद्दल ९०,००० जाईल. शिवाय विमा पॉलिसी ४०,०००, ईएलएसएस ६०,०००, एनपीएस ५०,००० आणि आमचा व आईवडिलांचा मिळून आरोग्य विमा ४५,०००. एवढं सगळं असताना जुनी करप्रणालीच बरी, असं वाटून मी तीच ठेवली आहे. आमच्याच कंपनीच्या पुणे ऑफिसमधला, माझ्याएवढाच पगार असलेला मित्रही जुनीच घेतो. एचआरने आता गुंतवणुकीचे पुरावे मागितले आहेत. काय करू?

उत्तर: तुमच्यासाठी नवी करप्रणाली स्वस्त आहे, तीही थोडीथोडकी नाही. २०२५-२६ या आर्थिक वर्षाचा हिशोब केला तर जवळपास ३६,००० रुपयांचा फरक पडतो. तुमचा मित्रही चुकत नाही, पण त्याच्याकडे नंतर येऊ.

आधी नवी बाजू, कारण ती दोन ओळींत संपते. १६ लाखांतून ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली की १५.२५ लाख उरतात. पहिल्या ४ लाखांवर कर नाही, पुढच्या ४ लाखांवर ५ टक्के, त्यापुढच्या ४ लाखांवर १० टक्के आणि उरलेल्या सव्वातीन लाखांवर १५ टक्के. बेरीज १,०८,७५० होते. त्यावर ४ टक्के उपकर धरून १,१३,१०० रुपये. गृहकर्ज, विमा, एनपीएस यांतलं काहीही इथे मोजलेलं नाही.

जुन्या बाजूला प्रमाणित वजावट ५०,००० आणि व्यवसाय कर २,५००. मग ८०सीचे दीड लाख, घराच्या व्याजाचे दोन लाख, एनपीएसचे ५०,००० आणि आरोग्य विम्याचे ४५,०००. या चार गोष्टी मिळून ४.४५ लाख होतात. सगळं वजा केल्यावर करपात्र उत्पन्न ११,०२,५०० उरतं. त्यावर कर १,४३,२५० आणि उपकरासह १,४८,९८०. म्हणजे इतक्या वजावटी घेऊनही तुम्ही ३५,८८० रुपये जास्त भरता. कारण साधं आहे. जुन्या पद्धतीत १० लाखांच्या वरच्या रकमेला थेट ३० टक्के लागतात, तर नव्या पद्धतीत तुमच्या सर्वात वरच्या रुपयालाही १५ टक्केच लागतात.

आता वजावटींचा हिशोब जरा उघडून बघू, कारण तुमची खरी गफलत तिथे आहे.

८०सीची मर्यादा दीड लाख. तुमच्या पगारातून कापला जाणारा पीएफ मूळ पगाराच्या १२ टक्के धरला तर वर्षाला ८६,४०० होतो. त्यात कर्जाच्या मुद्दलाचे ९०,००० मिळवा, १,७६,४०० झाले. पिशवी इथेच भरून सांडली. तुमची ४०,००० ची पॉलिसी आणि ६०,००० चं ईएलएसएस यांवर जुन्या पद्धतीतही तुमचा एक रुपया कर वाचत नव्हता. हे माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या गृहकर्जवाल्यांचं होतं. घर घेण्याआधी कुणीतरी कर वाचवायला म्हणून पॉलिसी गळ्यात मारलेली असते, मग कर्ज सुरू होतं, मुद्दल आपोआप ८०सीत बसतं, आणि पॉलिसीचा हप्ता मात्र सवयीने भरला जातो.

व्याजाचंही तसंच. स्वतः राहता त्या घरावर वर्षाला जास्तीत जास्त दोन लाख व्याज वजा होतं. तुम्ही २.७० लाख भरता, म्हणजे ७०,००० कुठेच मोजले जात नाहीत. साडेआठ टक्क्यांनी हे व्याज सव्वाआठ लाखांच्या कर्जाचं होतं. थोडक्यात, ३२ लाखांपैकी सव्वाआठ लाखांचं कर्ज जुन्या पद्धतीतही तुम्हाला काडीचा कर वाचवून देत नाही. ‘व्याजावर कर वाचतो, कर्ज फेडू नका’ हा सल्ला कट्ट्यावर फार ऐकू येतो. तुमच्या बाबतीत तो सव्वाआठ लाखांसाठी कधीच लागू नव्हता, आणि नवी पद्धत घेतली की उरलेल्या रकमेसाठीही लागू राहत नाही.

मग जुनी पद्धत तुम्हाला कधी परवडेल? दोन्हीकडचा कर सारखा व्हायला जुन्या बाजूचं करपात्र उत्पन्न ९,८१,२५० पर्यंत खाली यावं लागतं. त्यासाठी प्रमाणित वजावट आणि व्यवसाय कर सोडून बाकीच्या वजावटी ५,६६,२५० हव्यात. तुमच्याकडे ४,४५,००० आहेत, म्हणजे १,२१,२५० कमी पडतात. ही दरी भरायला तुमच्याकडे वाव नाही. ८०सी भरलंय, व्याजाची मर्यादा भरलीय, एनपीएसची ५०,००० ची मर्यादा भरलीय. आईवडिलांचा विमा थोडा वाढवता येईल, पण त्याने एवढं अंतर कापलं जात नाही.

तुमच्या मित्राकडे मात्र ती वजावट आहे, तिचं नाव घरभाडं भत्ता. समजा त्याचाही मूळ पगार ७.२० लाख, बाकी वजावटी तुमच्याइतक्याच, कोल्हापुरातला स्वतःचा फ्लॅट रिकामा आणि पुण्यात महिना २०,००० भाडं. वर्षाच्या २.४० लाख भाड्यातून मूळ पगाराचे १० टक्के, म्हणजे ७२,००० वजा केले की १.६८ लाख उरतात. भत्ता पुरेसा मिळत असेल तर तेवढी रक्कम करमुक्त होते. त्याच्या वजावटी ६.१३ लाखांवर जातात आणि जुन्या पद्धतीत त्याचा कर १,०३,३७६ येतो, नव्यापेक्षा सुमारे ९,७०० कमी. तोच पगार, तेच कर्ज, उत्तर उलटं. तुम्ही स्वतःच्याच घरात राहता, म्हणून ही वजावट तुम्हाला नाही. आईला भाडं देतो असं कागदावर दाखवायचा विचार असेल तर सोडा. ज्या घरात तुम्ही राहता ते तुमच्याच नावावर आहे.

हो, पुढेमागे तुम्ही आईवडिलांकडे राहायला गेलात आणि हा फ्लॅट भाड्याने दिलात तर एक गोष्ट बदलते. नव्या पद्धतीत राहत्या घराचं व्याज मोजत नाहीत, भाड्याने दिलेल्या घराचं मोजतात. पण फक्त भाड्याच्या उत्पन्नापुरतं. महिना १२,००० भाडं आलं तर वर्षाचे १.४४ लाख, त्यातून ३० टक्के वजा जाऊन १,००,८०० करपात्र उरतात, आणि तुमचं व्याज ते सगळं खाऊन टाकतं. भाड्यावर कर शून्य. मात्र उरलेला तोटा पगारातून वजा करता येत नाही.

आता गुंतवणुकीचं बोलू. कर हे कारण निघून गेल्यावर प्रत्येक गोष्ट तिच्या स्वतःच्या लायकीवर तपासायची.

आरोग्य विम्याला हात लावू नका. वजावट मिळो न मिळो, आईवडिलांच्या एका ऑपरेशनचं बिल वाचलेल्या करापेक्षा कितीतरी मोठं असतं. ईएलएसएसची एसआयपी थांबवून तेवढीच रक्कम साध्या इंडेक्स फंडात वळवा. तीन वर्षं पैसे अडकवून घ्यायचं आता कारण उरलं नाही. जुने हप्ते त्यांची तीन वर्षं पूर्ण झाल्यावर बघू. पॉलिसी घाईने मोडू नका. विमा कंपनीकडून आज मोडली तर किती मिळतील आणि हप्ते बंद करून पेड-अप केली तर मुदतीअंती किती मिळतील, हे दोन आकडे लेखी घ्या. मुदत दोन-तीन वर्षांवर आली असेल तर बहुधा पूर्ण करणंच ठीक. दहा-बारा वर्षं बाकी असतील तर मी पेड-अपकडे झुकेन, पण त्याआधी वेगळा टर्म विमा हातात हवा.

एनपीएसमध्ये स्वतःहून टाकलेल्या ५०,००० वर नव्या पद्धतीत वजावट नाही. खातं चालू ठेवायला वर्षाला १,००० पुरतात. पण कंपनीने तुमच्या वतीने भरलेल्या एनपीएसवर आहे, मूळ पगाराच्या १४ टक्क्यांपर्यंत. तुमच्यासाठी ते १,००,८०० होतात आणि उपकरासह सुमारे १५,७०० कर वाचतो. त्यासाठी कंपनीने पगाराची रचना बदलायला हवी, आणि तेवढी रक्कम हातात न येता निवृत्तीपर्यंत अडकते. ३२ लाखांचं कर्ज डोक्यावर असताना मी तुम्हाला याची घाई करायला सांगणार नाही.

त्यापेक्षा वाचलेले ३६,००० कर्जात घाला. हप्त्याबरोबर महिना ३,००० जादा भरले आणि व्याजदर असाच राहिला, तर साडेसोळा वर्षांचं कर्ज साधारण तीन वर्षं आधी संपतं आणि साडेपाच लाखांच्या आसपास व्याज वाचतं. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड बँकेला लावता येत नाही. फक्त बँकेत सांगताना ‘हप्ता कमी करू नका, मुदत कमी करा’ हे अर्जावर स्पष्ट लिहा, आणि पुढच्या महिन्याच्या उताऱ्यात मुदत खरंच घटली का ते बघा.

राहिला एचआरचा विषय. वर्षाच्या सुरुवातीला तुम्ही जुनी पद्धत कळवली असेल तर काही कंपन्या मध्येच बदल करून देतात, काही देत नाहीत. नाही म्हणाले तर भांडत बसू नका. पुरावे द्या, टीडीएस जुन्या पद्धतीने कापला जाऊ दे. पगारदाराला विवरणपत्र भरताना पद्धत नव्याने निवडता येते. तिथे नवी निवडा, जादा कापलेला कर परत मिळेल. आणि पुढचं वर्ष सुरू होताच, एप्रिलमध्ये, एचआरला नवी पद्धत कळवा, म्हणजे वर्षभर पैसे करखात्याकडे अडकणार नाहीत.

एक सावधगिरी. दरवर्षी पद्धत बदलायची ही मोकळीक धंद्याचं उत्पन्न नसलेल्यांना आहे. तुमचं एफ अँड ओ ट्रेडिंग किंवा एखादी एजन्सी असेल आणि प्रश्नात लिहायची राहिली असेल, तर ते धंद्याचं उत्पन्न धरलं जातं. मग जुन्या पद्धतीसाठी फॉर्म १०-आयईए लागतो आणि एकदा नव्यात परतलात की पुन्हा जुन्याकडे जाता येत नाही. तसं काही असेल तर विवरणपत्र भरण्याआधी मला कळवा.